वीज-देयकाचा पडताळा : युनिटांवरून आकारणी कशी तपासावी

सांगोला तालुक्यात घरोघरी महावितरण कंपनीचे जे मासिक देयक येते, त्यावर भरावयाची रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि पुष्कळ कुटुंबांत देयकाचे वाचन त्या रकमेपाशी सुरू होऊन तेथेच संपते. रक्कम नेहमीइतकी असली तर ती भरली जाते. अधिक वाटली तर ‘मीटर पळते आहे’ असे म्हणून शेजाऱ्यापाशी कुरकुर होते. परंतु रक्कम वाढण्याचे कारण मीटरातच असते असे नाही. ते हिशेबातही असू शकते, आणि हिशेबातील कारण कागद-पेन्सिल घेऊन घरच्या घरी शोधून काढता येते. त्यासाठी गुणाकार, बेरीज व शेकडेवारी यांपलीकडे काही लागत नाही; म्हणजे सातवीच्या विद्यार्थ्यालाही हे काम सांगता येईल.

देयकातील चालू महिन्याची रक्कम निरनिराळ्या आकारांची बनलेली असते. पहिला स्थिर आकार; वीज वापरली वा न वापरली तरी जोडणी आहे म्हणून तो दरमहा द्यावा लागतो. दुसरा वीज आकार. हाच टप्प्याटप्प्याने चढत जातो, आणि सारी गुंतागुंत येथेच आहे. तिसरा वहन आकार. तारांवरून वीज घरापर्यंत आणून पोचविण्याबद्दल तो प्रत्येक युनिटास एकाच दराने लागतो, त्याला टप्पे नाहीत. चौथा इंधन समायोजन आकार. वीज खरेदीचा व इंधनाचा खर्च अंदाजापेक्षा कमीजास्त झाला म्हणजे त्याची भरपाई यातून होते, म्हणून तो महिन्यागणिक बदलतो आणि एखाद्या महिन्यात नसतोही. या चारही आकारांची बेरीज झाल्यावर तिच्यावर वीज शुल्क बसते. हे शुल्क कंपनीचे नव्हे, राज्य शासनाचे. महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम, २०१६ अन्वये घरगुती वापरास ते शेकडा १६ आहे. दुकाने व कारखाने यांना याखेरीज वीज विक्री कराची एक ओळ असते. घरगुती देयकात त्या ओळीपुढे शून्य असावयास हवे.

दर कंपनी स्वतःच्या मर्जीने ठरवीत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजी दिलेल्या आदेशान्वये १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले घरगुती दर येथे नमुन्यादाखल घेतले आहेत. एक फेज जोडणीस स्थिर आकार दरमहा १२८ रुपये. वीज आकार पहिल्या १०० युनिटांस प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांस १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांस १४ रुपये ५५ पैसे. त्यापुढे आणखी एक चढा टप्पा आहे, पण सर्वसाधारण घराचा त्याच्याशी संबंध येत नाही. वहन आकार प्रति युनिट १ रुपया १७ पैसे. पुढे २०२५ मध्ये आयोगाचे नवे आदेश निघाले. तेव्हा आजचे देयक तपासताना हे आकडे न घेता त्या देयकाच्या महिन्यास लागू असलेले दरपत्रक समोर ठेवावे. दर बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

आता सांगोल्यातील एका घराचे नमुन्याचे देयक घेऊ. ते २०२४ सालातील एका महिन्याचे आहे असे समजावे. देयकावर मागील रीडिंग ४२१८ व चालू रीडिंग ४३८२ अशी आहे. दोहोंची वजाबाकी १६४. तिच्या शेजारी गुणक म्हणून एक आकडा असतो. घरगुती लहान मीटरास तो १ असतो. म्हणून वापर १६४ युनिटे. दोन रीडिंगांच्या तारखांमध्ये एक महिन्याचे अंतर आहे हेही येथेच पाहून ठेवावे. ही गोष्ट आरंभी क्षुल्लक वाटेल, परंतु पुढे सर्व भिस्त तिच्यावरच आहे.

१६४ युनिटांचे दोन भाग पडतात : पहिली १०० व उरलेली ६४. पहिल्या भागाचे ४७१ रुपये होतात. दुसऱ्या भागाचे ६४ गुणिले १०.२९, म्हणजे ६५८ रुपये ५६ पैसे. दोन्ही मिळून वीज आकार ११२९ रुपये ५६ पैसे. वहन आकार मात्र सबंध १६४ युनिटांवर : १९१ रुपये ८८ पैसे. इंधन समायोजन आकार या महिन्यात शून्य धरू. आता मांडणी येणेप्रमाणे करावी :

स्थिर आकार : १२८.००
वीज आकार : ११२९.५६
वहन आकार : १९१.८८
बेरीज : १४४९.४४
वीज शुल्क, शेकडा १६ : २३१.९१
चालू वीज देयक : १६८१.३५

भरावयाची रक्कम मात्र १६८० रुपये छापलेली आढळेल. कंपनी देयक जवळच्या दहा रुपयांपर्यंत पूर्णांकात आणते. येथे राहिलेला १ रुपया ३५ पैसे नाहीसा होत नाही, तो पुढील देयकात थकबाकीच्या ओळीत दिसतो. ही ओळ पाहून काही जण आपण भरलेली रक्कम पोचलीच नाही असे समजून घाबरतात. पाच रुपयांच्या आतबाहेरची अशी थकबाकी वा जमा ही निव्वळ पूर्णांकाची शिल्लक होय.

मागील थकबाकी व तिच्यावरील व्याज ही चालू महिन्याच्या हिशेबात मिसळू देऊ नयेत. पडताळा घ्यावयाचा तो ‘चालू वीज देयक’ या ओळीपर्यंतच. मागची येणी वेगळी लिहून ठेवावी आणि ती मागील देयकाशी व पावतीशी ताडून पाहावी.

टप्प्यांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. शंभरावर एक जरी युनिट गेले तरी सर्वच युनिटांना वरचा दर लागतो, अशी पुष्कळांची समजूत असते, तसे नाही. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातील युनिटांस लागतो. शंभरावे युनिट वहन आकार व शुल्क धरून ६ रुपये ८२ पैशांना पडते, आणि एकशेएकावे १३ रुपये २९ पैशांना. म्हणजे दर दुपटीच्या जवळ जातो हे खरे, पण तो त्या एका युनिटाचा. आधीची शंभर युनिटे आहेत त्याच भावात राहतात. वरील देयकात सर्व १६४ युनिटांना १० रुपये २९ पैसे लावले असते, तर केवळ वीज आकारच १६८७ रुपये ५६ पैसे झाला असता. सरासरी काढून तपासण्याची रीतही याच कारणाने निरुपयोगी आहे. १६८१.३५ ला १६४ ने भागल्यास युनिटामागे सव्वादहा रुपये येतात. त्यावरून देयक बरोबर की चूक हे काहीच कळत नाही, कारण ही सरासरी वापराबरोबर स्वतःच बदलते.

इंधन समायोजन आकार शून्य नसेल तेव्हा काय करावे? त्याचा दर देयकावरून घ्यावा; टप्प्यांगणिक तो निरनिराळा असू शकतो. समजा, दुसऱ्या टप्प्यातील युनिटांवर तो ३० पैसे आहे आणि पहिल्या टप्प्यावर काही नाही. मग ६४ युनिटांचे १९ रुपये २० पैसे वाढतील. पण देयक तेवढ्यानेच वाढणार नाही. शुल्काची आकारणी या रकमेवरही होते, म्हणून आणखी ३ रुपये ७ पैसे पडतील. हिशेब दोन-तीन रुपयांनी जुळत नाही असे आढळले, तर प्रथम हीच जागा पाहावी : शुल्क काढताना एखादा आकार बेरजेतून सुटला आहे काय.

येथवरचा पडताळा सरळ आहे, आणि संगणकावर तयार होणाऱ्या देयकात गुणाकार-बेरीज चुकण्याचा संभव थोडा. मग तपासण्यासारखे काय उरते, असा प्रश्न येईल. उरतो तो टप्प्यांचा काळ. १०० युनिटांची मर्यादा एका महिन्याची आहे. रीडिंग दोन महिन्यांनी घेतले गेले तर मर्यादा २०० ची झाली पाहिजे, तीन महिन्यांनी घेतले तर ३०० ची. घर बंद असल्यामुळे रीडिंग चुकले आणि पुढील महिन्यात साठलेली सर्व युनिटे एकाच महिन्याची समजून आकारली गेली, तर युनिटांची वजाबाकी बरोबर, दर बरोबर, शुल्क बरोबर, आणि तरीही देयक शेकडो रुपयांनी चूक, असा विचित्र प्रकार घडतो. सुट्टीत मूळ गावी जाणारी शिक्षकांची कुटुंबे आणि हंगामी कामासाठी घराला कुलूप लावून बाहेर पडणारी माणसे यांना हा धोका विशेष.

याचेही उदाहरण करून पाहू. त्याच घराला मे महिन्यात कुलूप होते. कर्मचारी येऊन परत गेला. देयकावर रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’ असा शेरा पडला आणि मागील वापराच्या सरासरीवरून ९० युनिटांचे अंदाजी देयक आले. जूनमध्ये रीडिंग मिळाले. एप्रिलमधील शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून जूनच्या रीडिंगपर्यंत दोन महिन्यांचा वापर १८८ युनिटे भरला.

योग्य हिशेब असा : १८८ भागिले २, म्हणजे महिन्याला ९४. दोन्ही महिने पहिल्या टप्प्याच्या आत बसतात. म्हणून वीज आकार १८८ गुणिले ४.७१, म्हणजे ८८५ रुपये ४८ पैसे. वहन आकार २१९ रुपये ९६ पैसे. स्थिर आकार दोन महिन्यांचा २५६ रुपये. बेरीज १३६१ रुपये ४४ पैसे. तिच्यावर शुल्क २१७ रुपये ८३ पैसे. एकूण १५७९ रुपये २७ पैसे. ही दोन महिन्यांची मिळून खरी रक्कम झाली.

यांतून मे महिन्याच्या अंदाजी देयकाची आकारणी वजा झाली पाहिजे. ती किती होती? स्थिर आकार १२८, वीज आकार ४२३ रुपये ९० पैसे, वहन आकार १०५ रुपये ३० पैसे, मिळून ६५७ रुपये २० पैसे. शुल्क १०५ रुपये १५ पैसे. एकूण ७६२ रुपये ३५ पैसे. तेव्हा जूनच्या देयकात नव्याने आकारावयाची रक्कम ८१६ रुपये ९२ पैसे इतकीच राहते. कंपनीच्या कागदावर ही वजावट वेगळ्या जमेच्या ओळीत येते आणि तिची मांडणी पाहणाऱ्यास चटकन उमगेलच असे नाही. म्हणून ओळीओळींत न गुंतता एकच कसोटी लावावी : मे व जून या दोन्ही देयकांची चालू आकारणी मिळून १५७९ रुपये २७ पैसे होते की नाही. होत असेल तर आतील मांडणी कशीही असो, ग्राहकाचे नुकसान झालेले नाही.

आता चूक झाली तर काय होते ते पाहावे. १८८ युनिटे एका महिन्याची धरली, तर १०० पहिल्या टप्प्यात व ८८ दुसऱ्या टप्प्यात जातात. त्या ८८ युनिटांवर प्रत्येकी १०.२९ वजा ४.७१, म्हणजे ५ रुपये ५८ पैसे अधिक लागतात. ८८ गुणिले ५.५८ म्हणजे ४९१ रुपये ४ पैसे. त्यावर शुल्क ७८ रुपये ५७ पैसे. एकूण ५६९ रुपये ६१ पैसे अकारण द्यावे लागतात. त्यांपैकी शुल्काचा वाटा शासनाकडे जातो, म्हणून दुरुस्ती मागताना तोही परत मागण्यास विसरू नये.

ही चूक देयकात कशी ओळखावी? येथे एक सोपी उलट रीत उपयोगी पडते. देयकावरील वीज आकारातून ‘एकूण युनिटे गुणिले पहिल्या टप्प्याचा दर’ वजा करावे आणि उरलेल्या रकमेस दोन दरांतील फरकाने, म्हणजे ५.५८ ने भागावे. उत्तर येईल ती दुसऱ्या टप्प्यात टाकलेली युनिटांची संख्या. चुकीच्या देयकात वीज आकार १३७६ रुपये ५२ पैसे आलेला असेल, त्यातून ८८५.४८ वजा जाता ४९१.०४ उरतात, त्यांस ५.५८ ने भागता ८८ येतात. काळ दोन महिन्यांचा आणि वापर १८८, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात एकही युनिट असता कामा नये. तेथे ८८ आढळली, तेव्हा टप्पे एका महिन्याचेच धरले गेले हे सिद्ध झाले. कोणी तोंडी काही सांगितले तरी हा आकडा खोटे बोलत नाही. पहिल्या उदाहरणावरही हीच रीत लावून पाहावी : ११२९.५६ वजा ७७२.४४ बरोबर ३५७.१२, भागिले ५.५८ बरोबर ६४. जुळले. मात्र वापर तिसऱ्या टप्प्यात गेला असेल तर ही रीत लागू पडत नाही. तेव्हा सरळ टप्प्याटप्प्यानेच हिशेब करावा.

उत्तर अपेक्षेपेक्षा दोन-चार युनिटांनी कमीजास्त आले, तर लगेच चूक धरू नये. दोन रीडिंगांमधील दिवस मोजावे. काळ महिन्याहून थोडा अधिक असेल आणि मर्यादा त्या प्रमाणात ताणली गेली असेल, तर दुसऱ्या टप्प्यातील युनिटे थोडी कमी येतील, व काळ कमी असेल तर अधिक. फरक दिवसांच्या प्रमाणात बसतो की नाही एवढेच पाहावयाचे. तसेच, दोन रीडिंगांच्या मध्ये १ एप्रिलसारखी नव्या दराची तारीख आली असेल, तर काही दिवसांचा वापर जुन्या दराने व काही दिवसांचा नव्या दराने घ्यावा लागतो. असे देयक एकाच दराने जुळविण्याचा यत्न केल्यास ते कधीच जुळणार नाही.

या साऱ्या गोष्टी एकदम महाराष्ट्रभर अनुभवास आल्या त्या २०२० च्या उन्हाळ्यात. कोरोनाच्या साथीमुळे मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि महावितरणाने रीडिंग घेणे थांबविले. एप्रिल व मे महिन्यांची देयके मागील सरासरीवरून निघाली. ही सरासरी हिवाळ्यातील महिन्यांची होती, जेव्हा पंखे बंद असतात. उलट प्रत्यक्षात सर्व माणसे घरी होती आणि उन्हाळा भर चढला होता. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले, तेव्हा तुंबलेला सर्व वापर एकाच देयकात उतरला आणि रकमा पाहून गावोगाव खळबळ उडाली. साठलेली युनिटे महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्यास टप्प्यांचा लाभ दिला आहे, असे कंपनीने त्या वेळी सांगितले व देयक पडताळण्याची सोय आपल्या संकेतस्थळावरही उपलब्ध करून दिली. ज्यांनी वरील रीतीने भागाकार करून पाहिला त्यांना आपल्या देयकात ही विभागणी झाली आहे की नाही हे कागदावरच ठरविता आले; ज्यांनी केवळ अंतिम रक्कम पाहिली त्यांना विश्वास ठेवणे किंवा संतापणे एवढेच दोन मार्ग उरले.

त्या काळी एक आक्षेप वारंवार घेतला गेला. मार्चमध्ये वापर कमी होता आणि मेमध्ये जास्त. मग सर्व महिन्यांत समान वाटणी करणे अन्यायाचे नाही काय? गणिताने पाहिले तर समान वाटणीने ग्राहकाचे नुकसान होऊ शकत नाही, फायदाच होऊ शकतो. वरचेच उदाहरण घ्यावे. १८८ युनिटांपैकी, घर बंद असल्यामुळे, मेमध्ये प्रत्यक्षात ६० व जूनमध्ये १२८ युनिटे वापरली गेली असे समजू. महिन्यामहिन्याला रीडिंग झाले असते तर जूनची २८ युनिटे दुसऱ्या टप्प्यात गेली असती. समान वाटणीत ९४ व ९४ झाल्यामुळे एकही गेले नाही. चढत्या टप्प्यांत एका महिन्याचे जादा युनिट महाग पडते आणि दुसऱ्या महिन्याची मोकळी जागा वाया जाते. समान वाटणी ती मोकळी जागा भरून काढते. सर्व महिन्यांचा दर एकच असेपर्यंत हे खरे आहे. दर मध्येच बदलला असेल, तर कोणत्या महिन्यास किती युनिटे टाकली हे पाहावे लागते. २०२० मध्ये मार्चचे दिवस जुन्या दरात व एप्रिलपासूनचे नव्या दरात गेल्यामुळे प्रश्न बिकट झाला तो येथे.

इतके केल्यावरही या पडताळ्याची मर्यादा ओळखून असावे. युनिटांवरून रुपये बरोबर काढले की नाही एवढेच तो सांगतो. युनिटे बरोबर आहेत की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी मीटरापाशी जाऊन उभे राहिले पाहिजे. रीडिंग घेताना काढलेले मीटरचे छायाचित्र उपलब्ध असल्यास ते पाहावे. त्यातील आकडा छापील चालू रीडिंगशी जुळतो काय आणि मीटर क्रमांक घरच्या मीटरवरील क्रमांकच आहे काय, हे प्रथम पाहावे. एका भिंतीवर चार मीटर ओळीने बसविलेले असतात अशा वाड्यांत शेजाऱ्याचा आकडा आपल्या नावे लागण्याचा प्रकार नाकारता येत नाही. मीटरच्या पडद्यावर व्होल्ट, तारीख, वेळ असे अनेक आकडे पाळीपाळीने येतात. पाहावयाचा तो किलोवॅट-तास असे लिहिलेला. देयक मिळाले त्या दिवशीचा मीटरवरील आकडा देयकातील चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर निराळा पुरावा शोधण्याची आवश्यकताच नाही, कारण मीटर मागे फिरत नाही. (छपरावर सौर पट्टे बसविलेल्या घरांचे मीटर व देयक दोन्ही निराळी, हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावू नये.)

मीटरच्या वेगाविषयी शंका असल्यास घरातील सर्व उपकरणे बंद करून एक हजार वॅटची शेगडी किंवा इस्त्री अर्धा तास चालवावी. अर्धे युनिट पडावयास हवे. इस्त्री तापमान साधले की आपोआप बंद-चालू होते, म्हणून तिच्यापेक्षा पाणी तापविण्याची सळई बरी. मात्र ती पाण्यात बुडविल्यावाचून चालू करू नये, आणि हा प्रयोग मोठ्या माणसानेच करावा. ही घरगुती चाचणी स्थूल आहे. तिच्यात दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर कंपनीकडे शुल्क भरून मीटर तपासणी मागण्यास आधार मिळतो. शेकडा दोन-तीनाचा फरक तिने ठरविता येत नाही.

शाळेच्या देयकासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची जोडणी घरगुती वर्गात येत नाही. ती सार्वजनिक सेवा या वर्गातील असावी. तिचे टप्पे, स्थिर आकार व अन्य दर निराळे आहेत, म्हणून वरील तक्ता शाळेच्या देयकास लावून ते चुकीचे ठरवू नये. मात्र मुख्याध्यापकांनी देयकावरील दर वर्गाची ओळ एकदा अवश्य वाचावी. तेथे वाणिज्य वर्ग लिहिलेला आढळला, तर हिशेब कितीही अचूक असला तरी पायाच चुकलेला आहे, आणि तो बदलून मिळण्यासाठी लेखी अर्ज केला पाहिजे.

चूक आढळल्यास प्रथम सांगोल्याच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जात ‘बिल जास्त आले आहे’ एवढेच लिहून भागत नाही. ग्राहक क्रमांक, दोन्ही रीडिंगा, त्यांच्या तारखा, आपण काढलेला वीज आकार, देयकातील वीज आकार आणि दोहोंतील फरक, असे सहा आकडे दिले म्हणजे पाहणाऱ्या अधिकाऱ्यास नेमकी जागा सापडते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. वाद मिटेपर्यंत रक्कम भरावी की न भरावी, ही अडचण पुष्कळांस पडते. न भरल्यास नोटिशीनंतर वीज तोडली जाण्याचे भय असते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ मध्ये यावर तोड आहे : ग्राहकाने मागणीची रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत त्याचा पुरवठा तोडता येत नाही. भरताना ‘हरकत राखून’ हे शब्द सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार नेता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास त्यानंतर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. म्हणून किमान दोन वर्षांची देयके व पावत्या तारखेच्या क्रमाने लावून ठेवाव्या. कुलूपबंद महिन्याचे देयक तर कधीच टाकून देऊ नये. पुढल्या महिन्याच्या हिशेबात किती वजावट मिळावयास हवी होती, याचा पुरावा तेवढ्या एका कागदात असतो.